१५ गुणांचं उत्तर २५० शब्दांत बसवताना नेमकं काय कापायचं?

पूर्वा_सांगली

नमस्कार. यूपीएससी मुख्य परीक्षेची तयारी मराठी माध्यमातून करते आहे. माहिती कमी पडत नाही, ती मावत नाही, ही माझी अडचण आहे. उदाहरणादाखल २०२४ च्या सामान्य अध्ययन ३ मधला शहरी पुरांचा प्रश्न घ्या. मराठीत साधारण असा: शहरी पूर ही हवामानातून उद्भवणारी नवी आपत्ती आहे. तिच्या कारणांची चर्चा करा. गेल्या दोन दशकांतल्या अशा दोन मोठ्या पुरांची वैशिष्ट्ये नमूद करा. अशा पुरांना तोंड देण्यासाठी भारतात असलेल्या धोरणांचं व आराखड्यांचं वर्णन करा. १५ गुण, २५० शब्द.

माझं उत्तर ३८० शब्दांचं झालं. मोजून बघितलं तेव्हा वाटणी अशी निघाली: प्रस्तावना ५१, कारणे १३८, पूर ३२, शिवाय सांगलीच्या २०१९ च्या पुरावर ४८, धोरणे ३६, उपाययोजना ७५. प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द काढून ३४० पर्यंत आणलं, पण आता वाक्यं लंगडी वाटतात. जुन्या प्रश्नपत्रिकांमध्ये ज्या मुद्द्यांना गुण मिळाले ते जाऊ नयेत, अशी धास्ती आहे. प्रस्तावना आणि पुरांचा भाग खाली देते.

"आज एकविसाव्या शतकात जगभर शहरीकरणाचा वेग प्रचंड वाढला असून भारतही त्याला अपवाद नाही. शहरे ही देशाच्या आर्थिक विकासाची इंजिने मानली जातात. मात्र गेल्या काही वर्षांत हवामान बदलामुळे कमी वेळात जास्त पाऊस पडण्याच्या घटना वाढल्या असून त्यामुळे अनेक लहानमोठ्या शहरांमध्ये पूरपरिस्थिती निर्माण होत आहे व मोठ्या प्रमाणात जीवित आणि वित्तहानी होत आहे."

"भारतात मुंबई, चेन्नई, हैदराबाद, बेंगळुरू, पुणे, नागपूर अशा अनेक शहरांमध्ये मोठे पूर आलेले आहेत. २००५चा मुंबईचा पूर हा अत्यंत भीषण होता व त्यात अनेक लोक मृत्युमुखी पडले व जनजीवन पूर्णपणे विस्कळीत झाले."

---

सुसाट

सोप्पं आहे ताई. प्रस्तावना उडवा, सगळं मुद्द्यांत लिहा, एक आकृती काढा. तपासणाऱ्याला वाचायला दोन मिनिटंही नसतात, त्याला ठळक शब्द दिसले की झालं. आणि २५० च्या वर गेलात की गुण कापतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. टॉपर्सच्या उत्तरपत्रिका बघा, सगळे असंच लिहितात.

---

अनघा

माझ्या मते यासाठी ठरलेला नियम आहे. उतारा एक तृतीयांश करायचा, शीर्षक द्यायचं नाही, स्वतःच्या शब्दांत लिहायचं, उदाहरणं आणि आकडे गाळायचे. आमच्या क्लासमध्ये ६० गुणांसाठी हेच करून घेतात. ३८० चे २५० करणं त्यापेक्षा सोपं आहे की.

---

पूर्वा_सांगली

अनघा, तू म्हणतेस ते भाषेच्या पेपरातलं सारांशलेखन. तिथे उतारा दुसऱ्याचा असतो. इथे उत्तर माझंच आहे आणि उदाहरणं गाळली तर हातात उरेल काय?

---

अनघा

अरे हो, मी मथळा वाचून उत्तर दिलं. पण एक आहे, सारांश करताना लागलेली सवय इथे आड येते का, हा प्रश्न मलाच पडलाय आता. मी सामान्य अध्ययनातही आकडेच आधी गाळते.

---

जुना_फळा

अनघाताई, आड येते, आणि चांगलीच. सारांशात विशिष्ट गोष्टी जातात आणि सर्वसाधारण विधान उरतं. सामान्य अध्ययनात याच्या नेमकं उलट करावं लागतं. पूर्वाताईंचा पुरांचा परिच्छेद बघा. सहा शहरांची नावं आहेत, पण 'वैशिष्ट्य' म्हणावं असं एकही नाही. 'अत्यंत भीषण', 'जनजीवन विस्कळीत' हे जगातल्या कुठल्याही पुराला लागू पडतं. माणसं गेली ही वस्तुस्थिती आहे, पण तो पूर इतर पुरांहून वेगळा कसा होता ते त्यातून कळत नाही. प्रश्नाने दोनच पूर मागितलेत. उरलेल्या चार शहरांना गुण नाहीत, नुसती जागा जाते.

मी हा भाग असा केला असता:

"मुंबई, २६ जुलै २००५: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, त्याच वेळी भरती, त्यामुळे मिठीसह नाल्यांचे पाणी समुद्रात जाऊ शकले नाही. चेन्नई, डिसेंबर २०१५: आधीच भरलेल्या तलावांवर अतिवृष्टी, चेंबरम्बाक्कमच्या विसर्गाने अडयार फुगली, पाणथळीवर वसलेली वस्ती बुडाली."

आधी ३२ शब्द होते, आता ३६ झाले. म्हणजे इथे कापलं नाही, चार शब्द वाढवले. बाकी सगळीकडे कापायचं ते याच्यासाठी.

आता मूळ प्रश्नाकडे. ३८० शब्दांमधले ७५ उपाययोजनांवर आहेत. प्रश्नात उपाय विचारलेत का? पुन्हा वाचा. कारणे, दोन पूर, धोरणे. उपाय कुठेच नाहीत. आणि तिसऱ्या मागणीला, म्हणजे धोरणांना, फक्त ३६ शब्द. वाक्यावाक्यातून दोन शब्द काढल्याने हे सुटणार नाही, कारण सगळ्या भागांना सारखीच कात्री लागते. जो भाग आधीच उपाशी होता तो आणखी उपाशी राहतो.

---

पूर्वा_सांगली

उपाय माझ्या नोट्समध्ये होते. शहरी पूर म्हटलं की ते हाताने आपोआप लिहिले जातात.

---

जुना_फळा

तेच होतं. बहुतेक नोट्स २०२० च्या प्रश्नावर बेतलेल्या असतात. त्या वर्षी सामान्य अध्ययन १ मध्ये विचारलं होतं की हैदराबाद आणि पुण्यासारख्या स्मार्ट शहरांसह भारतातल्या दशलक्षी शहरांत एवढे पूर का येतात, आणि त्यावर टिकाऊ उपाय सुचवा. तिथे उपाय ही अर्धी मागणी होती. २०१६ च्या सामान्य अध्ययन १ मध्ये मोठी शहरं पुराला अधिकाधिक बळी पडत आहेत, चर्चा करा, एवढंच होतं. त्याच वर्षी सामान्य अध्ययन ३ मध्ये मात्र कारणांबरोबर धोका कमी करण्यासाठीची पूर्वतयारी मागितली होती. २०२४ ला पूर्वतयारीच्या जागी धोरणं आली आणि दोन घटनांची सक्ती आली.

विषय एकच, पण चार प्रश्नांनी गुण चार ठिकाणी ठेवले. कारणं मात्र चारही ठिकाणी लागतात. म्हणून कारणांचा भाग पाठ करून ठेवावा आणि तो सगळ्यात घट्ट आवळावा, कारण तो सगळ्यांनाच येतो. फरक पडतो तो बदलत्या मागणीत.

---

सुसाट

सर, पण टॉपर्सच्या उत्तरपत्रिकांत शेवटी 'पुढची दिशा' असतेच. तिला गुण मिळालेले दिसतात. मग ती कापायची कशाला?

---

राजेंद्रनगरवासी

इथे थोडा थांब मित्रा. ज्या उत्तरपत्रिका तू बघतोस त्या क्लासच्या सराव परीक्षांच्या असतात. त्यावरचे गुण क्लासच्या तपासनिसाने दिलेले. आयोग मुख्य परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका देत नाही. माहिती अधिकारात त्या मिळाव्यात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ती मागणी मान्य केली नाही. गुणपत्रिकेवर पेपरची बेरीज येते, प्रश्नवार गुण येत नाहीत. मुख्य परीक्षेची आदर्श उत्तरंही आयोग छापत नाही.

त्यामुळे 'पुढची दिशा' लिहिल्याने अमुक गुण मिळतात हे जो छातीठोक सांगतो तो क्लासच्या तपासनिसाबद्दल बोलत असतो. मी इथे दिल्लीत दोन वेगवेगळ्या क्लासना एकच उत्तर तपासायला दिलं होतं. एकाने शेवट ठळक नाही म्हणून गुण कमी केले, दुसऱ्याने शेवट अनावश्यक म्हणून काट मारली.

---

सुसाट

मग जुन्या परीक्षकांनी कशाला गुण दिले हे कळणार कसं? सगळं अंदाजपंचेच झालं की.

---

जुना_फळा

थेट कळत नाही, हे खरं आहे. पण प्रश्नपत्रिका ही परीक्षकाचीच बाजू आहे. प्रश्न काढणाऱ्याने मागण्या वेगळ्या वाक्यांत तोडून दिल्या असतील, तर तपासणाऱ्याला त्या तोडून बघायला सांगितलं असणार, एवढा तर्क मी करतो. याच्या पुढचा तर्क कोणी करत असेल तर मी जपून ऐकतो.

शब्दमर्यादेचंही तसंच. सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचा. शब्दमर्यादा पाळा असं आहे, आणि उत्तराच्या लांबीपेक्षा आशय महत्त्वाचा असंही आहे. २६० शब्द झाले म्हणून गुण कापले, असं ठामपणे म्हणायला तुमच्याकडे किंवा माझ्याकडे काही पुरावा नाही. खरी मर्यादा दुसरीकडून येते. उत्तर छापील पुस्तिकेतच लिहायचं, १० गुणांना साधारण दोन पानं, १५ ला तीन. आणि तीन तासांत वीस प्रश्न. दहा प्रश्न १५० शब्दांचे आणि दहा २५० चे, म्हणजे ४००० शब्द. १० गुणांच्या प्रश्नाला ७ मिनिटं आणि १५ गुणांच्या प्रश्नाला ११ मिनिटं दिली की १८० मिनिटं संपतात, विचार करायला वेगळा वेळ उरत नाही. इथे ३८० शब्द लिहिलेत तर शंभरावर शब्द शेवटच्या प्रश्नांच्या वेळातून जातात. त्याची शिक्षा विसाव्या प्रश्नाला मिळते, पाचव्याला नाही.

---

आबा_नांदेड

मध्येच विचारतो, विषय थोडा वेगळा आहे. मी एमपीएससी करतोय. राज्यसेवा मुख्य २०२५ पासून वर्णनात्मक झाली. २०१२ पासून पर्यायी प्रश्न होते, त्यामुळे नव्या पद्धतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे ढीगभर नाहीत. आम्ही कशावरून ठरवायचं काय ठेवायचं? यूपीएससीचे प्रश्न घेऊन सराव केला तर चालेल का? वय निघून चाललंय, वर घरचे विचारतात पेपर कसा होता, तर काय सांगू तेही कळत नाही.

---

राजेंद्रनगरवासी

आबा, सरावाला घ्या, पण परीक्षकाचा कल म्हणून घेऊ नका. सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५० गुणांचे, हा सांगाडा सारखा आहे, पण एमपीएससीच्या अभ्यासक्रमात महाराष्ट्राचा भाग वेगळा आणि मोठा आहे. शहरी पुराच्या प्रश्नात तिथे मुंबई-चेन्नईऐवजी नागपूर सप्टेंबर २०२३ लिहिणं मला तरी जास्त सयुक्तिक वाटतं. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं.

---

पूर्वा_सांगली

माझं सांगलीचं काय? त्या ४८ शब्दांना हात लावायला मन धजत नाही. आम्ही तो पूर बघितलाय. पाणी गावभागात आठवडाभर होतं.

---

जुना_फळा

ताई, तेच आधी काढा असं मी म्हणेन. २०१९ ला सांगलीत आलं ते कृष्णेचं पाणी. पाऊस वरच्या खोऱ्यात, धरणांचे विसर्ग, आणि नदी फुगून शहरात शिरली. प्रश्नातला शहरी पूर म्हणजे शहरावर पडलेला पाऊस शहराच्या निचऱ्याला झेपला नाही, असा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याच फरकामुळे. तपासणाऱ्याच्या डोक्यात हा फरक स्पष्ट असेल तर सांगलीचं उदाहरण दिल्यावर त्याला वाटेल, हिला प्रश्नच कळला नाही. हे ४८ शब्द फुकट जाऊन वर उलटतील.

---

पूर्वा_सांगली

हे पटत नाही सर. निळ्या रेषेच्या आत बांधकामांना परवानग्या दिल्या म्हणून तर घरं बुडाली. नदीचा पूर असला तरी नुकसान शहराच्या नियोजनाने झालं. आणि चेन्नईत तरी काय झालं, तलावातून सोडलेलं पाणी अडयार नदीतूनच आलं ना?

---

जुना_फळा

चेन्नईचा मुद्दा बिनतोड आहे. तिथे दोन्ही एकत्र होतं, शहरावरचा पाऊसही आणि नदीही. तरी पाऊस चेन्नईवर पडला होता, म्हणून ते उदाहरण चालतं असं मी धरतो. सांगलीबाबत मी माझ्या मतावर आहे, पण निळी रेषा कारणांच्या भागात एका वाक्यात आणलीत तर माझी हरकत नाही.

---

राजेंद्रनगरवासी

मी इथे पूर्वाच्या बाजूने आहे, थोडासा. पण परीक्षेत वादग्रस्त उदाहरण घेऊन ते पटवून द्यायला शब्द लागतात, आणि शब्दच नाहीत. मुंबई लिहिलं की काही पटवावं लागत नाही.

---

सुसाट

बरं, पुराव्याचं मान्य. पण मुद्देसूद लिहिण्याचं तरी बरोबर ना? परिच्छेदात शब्द वाया जातात.

---

जुना_फळा

अर्धं बरोबर. परिच्छेदात जे वाया जातं ते 'तसेच', 'त्याचबरोबर', 'मोठ्या प्रमाणात', 'झालेली असल्यामुळे'. ते मुद्द्यांत लिहूनही लोक लिहितातच. आणि नुसते मुद्दे टाकले की कारण आणि परिणाम यांतली साखळी तुटते. 'काँक्रिटीकरण. अतिक्रमण. कचरा.' असं लिहिलं तर ती यादी झाली, 'चर्चा करा' म्हटल्यावर ती पुरत नाही. पूर्वाताई, तुमच्या कारणांपैकी तीन वाक्यं टाका इथे, करूनच बघू.

---

पूर्वा_सांगली

"शहरांमध्ये मोठ्या प्रमाणात काँक्रिटीकरण झाल्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही आणि त्यामुळे ते रस्त्यांवरून वाहते. तसेच शहरांमधील नाले व ओढे यांच्यावर मोठ्या प्रमाणात अतिक्रमणे झालेली असल्यामुळे पाण्याला वाहून जाण्यासाठी जागा शिल्लक राहिलेली नाही. त्याचबरोबर नाल्यांमध्ये प्लास्टिक व इतर कचरा टाकला जात असल्यामुळे ते तुंबतात."

---

जुना_फळा

हे ४४ शब्द. आता हे बघा:

"काँक्रिटीकरणाने पाणी मुरत नाही; ओढ्यांवरील अतिक्रमणाने (पुण्यातील आंबिल ओढा, २०१९) त्याची वाट अरुंद होते; उरलेले नाले कचऱ्याने तुंबतात."

१८ शब्द. तिन्ही कारणं आहेत, पाण्याचा प्रवास क्रमाने दिसतो, आणि वर एक उदाहरण जास्त मिळालं. 'झाल्यामुळे', 'असल्यामुळे' या शेपट्या '-ने' मध्ये मावतात. मराठीचा हा फायदा आहे, प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि मोजणीत एकच शब्द धरला जातो. पण या फायद्यावर फार विसंबू नका. पानावर जागा अक्षरांना लागते, आणि 'चेंबरम्बाक्कमच्या' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो.

प्रस्तावना पूर्ण उडवू नका, सुसाट म्हणतात तशी. एका वाक्यावर आणा: "हवामान बदलामुळे कमी वेळात पडणारा तीव्र पाऊस आणि पाणी मुरण्याच्या जागांवर झालेले बांधकाम यांमुळे भारतातील शहरी पूर वाढत आहेत." ५१ चे १९. प्रश्नात 'हवामानातून उद्भवणारी' असा शब्द मुद्दाम घातलाय, त्याची दखल घेऊन झाली. एकविसावं शतक आणि विकासाची इंजिनं गेली तरी उत्तराचं काही बिघडत नाही. कुठलंही वाक्य काढायचं की ठेवायचं यासाठी मी एवढंच बघतो: हेच वाक्य झोपडपट्टीच्या किंवा वाहतूककोंडीच्या उत्तरात जसंच्या तसं बसेल का? बसत असेल तर काढा.

मग प्रस्तावना १९, कारणे ९५ च्या आसपास, पूर ३६, धोरणे ८०, शेवट १५. बेरीज २४५.

---

पूर्वा_सांगली

धोरणांचा भाग नव्याने लिहिला, चाळिशीच्या आत आहे. अजून चाळीस शब्द कशाला लागतील?

"राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१०ची मार्गदर्शक तत्त्वे शहरी पुराला नदीच्या पुराहून वेगळी आपत्ती मानून पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा स्वतंत्र विचार करतात, अमृत योजनेत (२०१५) पर्जन्यजलवाहिन्यांना निधी, पाणथळ जागा नियम, २०१७मुळे तलाव-पाणथळींना संरक्षण, मुंबईसाठी 'आयफ्लोज' ही पूर-इशारा प्रणाली (२०२०)."

(हो, सांगली काढली. सध्या.)

---

जुना_फळा

पहिलं वाक्य उत्तम. पुढचे तिन्ही तुकडे नावापुरते आहेत. 'वर्णन करा' म्हटल्यावर प्रत्येकात काय आहे ते पाच-सहा शब्दांत यायला हवं. इशारा प्रणाली काय सांगते? कुठे किती पाणी साचेल याचा अंदाज आधी देते. ते लिहा. शिवाय मार्गदर्शक तत्त्वं सक्तीची नाहीत, अंमल पालिकांवर आहे आणि तिथेच घोडं अडतं, हे एक वाक्य टाकलंत की तो भाग विचार करून लिहिल्यासारखा होईल. चाळीस शब्द तिथे जातील.

---

राजेंद्रनगरवासी

अंमलबजावणीचं वाक्य प्रश्नाबाहेर जात नाही का सर? 'वर्णन करा' म्हटलंय, 'मूल्यमापन करा' नाही. तुमच्याच कसोटीने ते कापायला हवं.

---

जुना_फळा

हम्म. माझ्याच कात्रीत मला पकडलंत. मी ते ठेवीन, पण एकाच वाक्यात. त्याला गुण मिळतील याची खात्री नाही.

---

सुसाट

मग 'पुढची दिशा' पण एका वाक्यात ठेवली तर?

---

राजेंद्रनगरवासी

१५ शब्दांचा शेवट आहेच ना, तिथे घाल. पण त्यात काय लिहायचं यावर आमच्या खोलीत कालपासून भांडण चालू आहे. एक म्हणतो स्पंज शहर, दुसरा म्हणतो ते सगळेच लिहितात.

---

आबा_नांदेड

नागपूरचं लिहून बघतो. सर, तुम्ही तपासून द्याल का? शब्द मोजूनच टाकतो.